सॉकेट तेच, प्रोसेसर नवा : जुन्या संगणकाचा मेंदू बदलताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार थांबवला. त्यामुळे शाळांच्या संगणक कक्षांत एक साधा पण खर्चाचा प्रश्न उभा राहिला. २०१८-१९ च्या सुमारास घेतलेले संगणक चालू स्थितीत आहेत, पडदा, कळफलक, पेटी सारे ठीक आहे. पण त्यांतील काहींवर विंडोज ११ चढवू गेले की ‘हा प्रोसेसर चालणार नाही’ असा निरोप येतो. मग पूर्ण संगणकच टाकून द्यायचा का? की फक्त प्रोसेसर बदलून भागेल?

या लेखात आपण दुसऱ्या पर्यायाचा विचार करणार आहोत. प्रोसेसर ज्या चौकोनी बैठकीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. काही सॉकेट अशी आहेत, की त्यांत एकामागून एक आलेल्या तीन-चार पिढ्यांचे प्रोसेसर बसतात. तेव्हा मदरबोर्ड तोच ठेवून नवा प्रोसेसर बसवणे शक्य असते. मात्र त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने मिळवावी लागतात : तो बसेल का? मदरबोर्ड त्याला ओळखेल का? आणि ओळखला तरी आपल्या कामात खरोखर फरक पडेल का? बहुतेकांचे पैसे वाया जातात ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक नमुना संगणक डोळ्यांसमोर ठेवू. त्यात एएमडी कंपनीचा रायझन ३ २२००जी हा २०१८ साली आलेला प्रोसेसर आहे, बी४५० जातीचा मदरबोर्ड आहे, ८ जीबी मेमरी आणि साधी फिरती हार्ड डिस्क आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. पडद्याची तार थेट मदरबोर्डला जोडलेली आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी मान्य केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत २२००जी नाही. त्याच्या जागी २०२१ साली आलेला रायझन ५ ५६००जी बसवावा, असा विचार आहे. तो त्या यादीत आहे.

बसणे म्हणजे चालणे नव्हे

वरील दोन्ही प्रोसेसर एएम४ या सॉकेटचे आहेत. प्रोसेसरच्या पाठीवर १३३१ बारीक पिना आणि सॉकेटमध्ये त्यांच्यासाठी तेवढीच भोके, अशी ही रचना. सॉकेटचे नाव जुळले नाही तर विषय तिथेच संपतो. उदाहरणार्थ, रायझन ५ ८६००जी हे नाव ऐकायला ५६००जी चा थोरला भाऊ वाटते. पण तो २०२२ साली आलेल्या एएम५ या नव्या सॉकेटचा आहे. त्याला पिनाच नाहीत, सपाट ठिपके आहेत, आणि त्याला मेमरीही डीडीआर५ जातीची लागते. आपल्या बोर्डावर तो बसणारच नाही.

पण सॉकेट जुळले म्हणजे सगळे जुळले असेही नाही. इंटेल कंपनीच्या एका उदाहरणावरून हे चांगले समजते. २०१५ साली तिने एलजीए ११५१ हे सॉकेट आणले. त्यावर सहाव्या आणि सातव्या पिढीचे प्रोसेसर चालत. २०१७ च्या ऑक्टोबरात आठवी पिढी आली, तीही एलजीए ११५१ वरच. संपर्कबिंदू तेवढेच, आकार तोच. तरीही आठव्या पिढीचा आय३-८१०० हा प्रोसेसर एच११० जातीच्या जुन्या बोर्डावर अधिकृतपणे चालत नाही. कारण काही संपर्कबिंदूंची कामे बदलली होती. जास्त गाभ्यांना अधिक वीज लागते म्हणून वीजपुरवठ्याच्या बिंदूंची संख्या वाढवली होती, आणि त्यासाठी नवे चिपसेट आवश्यक ठरवले होते. त्याच एच११० बोर्डावर सातव्या पिढीचा आय७-७७०० मात्र बायॉस अद्ययावत केल्यावर चालतो. म्हणजे ‘सॉकेट कोणते?’ या प्रश्नाला ‘बोर्डावरचा चिपसेट कोणता?’ या प्रश्नाची जोड हवी.

एएम४ ची गोष्ट अधिक समाधानाची आहे, पण तिलाही वळणे आहेत. सामान्य ग्राहकांसाठी रायझन प्रोसेसर मार्च २०१७ मध्ये आले आणि तेव्हापासून अनेक मालिका याच सॉकेटवर निघाल्या. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केले, की पुढे येणारी ‘झेन ३’ घडणीची पिढी फक्त ५०० मालिकेच्या चिपसेटवर चालेल. बी४५० बोर्ड घेतलेल्या ग्राहकांत नाराजी पसरली आणि त्याच महिन्यात कंपनीने निर्णय बदलून बी४५० व एक्स४७० या चिपसेटांनाही वाट मोकळी केली. त्याहून जुन्या ३०० मालिकेला २०२२ साली परवानगी मिळाली. आपला ५६००जी याच झेन ३ घडणीचा आहे. तेव्हा बी४५० वर तो चालू शकतो. पण ‘चालू शकतो’ आणि ‘आज या क्षणी चालेल’ यांत एक पायरी शिल्लक आहे. ती बायॉसची.

बोर्ड प्रोसेसरला ओळखतो कसा?

संगणकाचे बटण दाबल्याबरोबर विंडोज सुरू होत नाही. त्याआधी मदरबोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये कायम साठवलेला कार्यक्रम चालतो. यालाच बायॉस किंवा फर्मवेअर म्हणतात. रायझन प्रोसेसरात मुख्य गाभ्यांच्या आधी एक छोटा सुरक्षा-प्रोसेसर जागा होतो. तो बोर्डावरच्या चिपमधून आपल्या जातीसाठी लिहिलेला भाग शोधून वाचतो, मेमरी सुरू करतो, तिच्याशी बोलण्याचा वेग आणि वेळा जुळवून घेतो. हे सगळे झाल्यावरच मुख्य गाभे कामाला लागतात आणि पडद्यावर पहिले अक्षर उमटते.

आता गोम लक्षात येईल. २०१८ साली कारखान्यातून निघालेल्या बोर्डावरच्या चिपमध्ये २०२१ च्या प्रोसेसरसाठी लिहिलेला भाग असणार कुठून? नवा प्रोसेसर त्यात आपले पान शोधतो, ते सापडत नाही, आणि पुढचे काहीच घडत नाही. अशा वेळी पंखा फिरतो, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो. काही बोर्डांवर बिघाड दाखवणारे छोटे दिवे असतात, त्यांपैकी CPU लिहिलेला दिवा तेवत राहतो. हे दृश्य पाहून ‘प्रोसेसर खराब निघाला’ असे समजून तो परत केल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. वास्तविक जुना प्रोसेसर परत बसवला की संगणक पूर्ववत चालू होतो; नुकसान काही झालेले नसते.

बोर्ड बनवणाऱ्यांना एएम४ च्या दीर्घ आयुष्याची एक अडचणही सोसावी लागली. अनेक बी४५० बोर्डांवर फर्मवेअरची चिप १६ एमबी क्षमतेची होती. प्रत्येक नव्या पिढीचा भाग तीत भरत गेल्यावर जागा अपुरी पडू लागली. मग कोणी बायॉसचा रंगीत पडदा काढून साधा ठेवला, तर कोणी अगदी जुन्या प्रोसेसरांचा भाग वगळला. म्हणून नवी आवृत्ती चढवण्यापूर्वी ती आपल्या जुन्या प्रोसेसरालाही अजून ओळखते ना, हे पाहावे. ओळखत नसेल तर ती चढवल्यावर परतीची वाट बंद होते, कारण काही आवृत्त्यांवरून मागे येता येत नाही.

तपासणी कशी करावी

पहिले काम म्हणजे बोर्डाचे नेमके नाव मिळवणे. विंडोजमध्ये Windows आणि R या कळा एकत्र दाबून `msinfo32` असे टंकलिखित करावे. उघडलेल्या यादीत `BaseBoard Product` पुढे बोर्डाचे नाव, `BIOS Version/Date` पुढे बायॉसची आवृत्ती व तारीख, आणि `BIOS Mode` पुढे `UEFI` किंवा `Legacy` असे दिसते. तिन्ही गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात. शाळेत लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये पुढील दोन आज्ञा द्याव्यात :

```
sudo dmidecode -s baseboard-product-name
sudo dmidecode -s bios-version
```

काही कंपन्या एकाच नावाचे बोर्ड थोडे बदल करून पुन्हा काढतात. तो फेरबदलाचा आकडा बोर्डाच्या कोपऱ्यात `REV` या अक्षरांपुढे छापलेला असतो. तो पेटी उघडूनच वाचावा, कारण दोन फेरबदलांची बायॉस वेगळी असू शकते.

दुसरे काम म्हणजे बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच नावाच्या पानावरची प्रोसेसरांची यादी पाहणे. तिच्यात प्रत्येक प्रोसेसरपुढे तो कोणत्या बायॉस आवृत्तीपासून चालतो हे दिलेले असते. नाव तंतोतंत जुळवावे. ५६००, ५६००एक्स, ५६००जी आणि ५६००जीटी या चार वेगळ्या ओळी आहेत. ‘बी४५० वर झेन ३ चालतो’ हे सामान्य विधान आपल्या उपयोगाचे नाही. आपल्या बोर्डाच्या यादीत आपला प्रोसेसर आहे की नाही, एवढेच प्रमाण मानावे. त्या ओळीतील आवृत्ती आपल्या वहीतील आवृत्तीहून नवी असेल, तर बायॉस बदलणे भाग आहे.

याच टप्प्यावर नावातल्या ‘जी’ या अक्षराचे महत्त्व सांगायला हवे. रायझन ५ ५६०० हा ५६००जी पेक्षा काही कामांत सरस आहे, कारण त्यात तात्पुरती माहिती ठेवणारी तिसऱ्या पातळीची कॅश मेमरी ३२ एमबी आहे, तर ५६००जी मध्ये १६ एमबी. पण ५६०० मध्ये पडद्यावर चित्र काढणारा भागच नाही. आपल्या नमुना संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. त्यात ५६०० बसवला तर संगणक चालेल, पण पडदा काळाच राहील; आणि तो बायॉसचा दोष की प्रोसेसरचा, यात दिवस जाईल. शाळेच्या अशा संगणकाला जी असलेलाच प्रोसेसर हवा.

उष्णतेचा प्रश्न या जोडीत येत नाही. २२००जी आणि ५६००जी दोघांचीही उष्णतेची ठरवलेली पातळी ६५ वॉट आहे, त्यामुळे बोर्डावरचा वीजपुरवठ्याचा भाग आणि जुना पंखा दोन्ही पुरतात. ६५ वॉटवरून १०५ वॉटच्या प्रोसेसरवर जाणाऱ्याला मात्र याचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

आधी बायॉस, मग प्रोसेसर

क्रम हा या सगळ्या कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायॉस बदलावे. कारण बायॉस बदलण्यासाठी संगणक चालू व्हावा लागतो, आणि नवा प्रोसेसर बसवल्यावर तो चालू होणार नाही. काही बोर्डांवर प्रोसेसरशिवायही, फक्त वीज आणि यूएसबी पेनच्या आधारे बायॉस भरण्याचे बटण असते. अशी सोय असेल तर वाट चुकली तरी सापडते; नसेल तर जुना प्रोसेसर परत बसवणे हाच मार्ग.

नेमक्या त्याच बोर्डाची, त्याच फेरबदलाची फाइल उतरवून घ्यावी. त्या पानावरची टीप वाचावी. काही बोर्डांना आधी एक मधली आवृत्ती चढवून मगच शेवटची चढवावी लागते. फाइल एफएटी३२ पद्धतीने तयार केलेल्या यूएसबी पेनवर ठेवून संगणक पुन्हा सुरू करावा आणि बायॉसच्या आतच असलेल्या साधनाने ती चढवावी. विंडोजमधून चढवण्याची सोय असली तरी ती टाळलेली बरी, कारण मध्येच विंडोज अडकले तर चिप अर्धवट लिहिलेली राहते. हे काम काही मिनिटांचे असते, पण त्या काही मिनिटांत वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून ते यूपीएसवरच करावे, आणि वीज कपातीची वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी.

बायॉस बदलल्यावर त्यातील सगळ्या निवडी मूळपदावर जातात. आधीच्या निवडींची छायाचित्रे काढून ठेवली असतील तर त्या परत लावता येतात. `BIOS Mode` पुढे `Legacy` असेल तर विंडोज ११ त्या मांडणीवर बसत नाही. डिस्कची मांडणी बदलणे किंवा प्रणाली नव्याने बसवणे हे काम वेगळे धरावे. प्रोसेसरमध्येच असलेला सुरक्षा-भाग, ज्याला बायॉसमध्ये `fTPM` म्हणतात, तोही चालू असावा लागतो.

आता जुन्या प्रोसेसरनेच संगणक एक दिवस वापरून पाहावा. काही बिघाड झाला तर तो बायॉसचा आहे हे त्यावरून निश्चित कळते. दोन बदल एकाच वेळी केले तर दोष कोणाचा हे ठरवता येत नाही. प्रयोगशाळेतला हा नियम इथेही तितकाच खरा आहे.

पिनांची काळजी

एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, त्यामुळे एक वेगळाच अपघात संभवतो. प्रोसेसर आणि पंख्याचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी लेप असते. पाच-सहा वर्षांत ती वाळून डिंकासारखी घट्ट होते. ठोकळा सरळ वर ओढला तर सॉकेटची कडी बंद असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो आणि पिना वाकतात. हे टाळण्यासाठी संगणक दहा-पंधरा मिनिटे एखाद्या जड कामावर चालवून लेप गरम होऊ द्यावी, मग वीज बंद करून, तार काढून, स्क्रू आळीपाळीने सैल करावेत. ठोकळा वर ओढण्याआधी हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवावा. लेपेची पकड सुटल्याचे हाताला जाणवते.

नव्या प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवरही असतो. कडी सरळ उभी करून दोन्ही त्रिकोण जुळवले की प्रोसेसर स्वतःच्या वजनानेच खाली बसतो. दाबावे लागले तर काहीतरी चुकते आहे असे समजून थांबावे. कडी खाली केल्यावर जुनी लेप पुसून, वाटाण्याएवढी नवी लेप लावून ठोकळा बसवावा.

पहिल्यांदा चालू करताना मेमरीशी जुळवून घेण्यात वेळ जातो. पडदा मिनिट-दोन मिनिटे काळा राहिला तरी घाबरून बटण दाबू नये. त्यानंतर बहुधा `New CPU installed` या शब्दांनी सुरू होणारी सूचना येते आणि `fTPM` मधील जुन्या नोंदी पुसायच्या का, असे विचारले जाते. इथे थांबून विचार करावा. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केली असेल तर नोंदी पुसल्यावर परत मिळवण्याची किल्ली मागितली जाईल. ती कुठेही जपून ठेवलेली नसेल तर डिस्कवरची माहिती गेली. म्हणून प्रोसेसर बदलण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते थांबवावे आणि किल्ली लिहून ठेवावी.

वेग किती वाढेल? आधी कागदावर

आता तिसरा प्रश्न. जाहिरातीतले आकडे बाजूला ठेवून आपणच अंदाज काढू. एका गाभ्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो : घड्याळाचे ठोके सेकंदाला किती, आणि एका ठोक्यात काम किती. २२००जी जास्तीत जास्त ३.७ गिगाहर्ट्झवर जातो, ५६००जी ४.४ वर. हे प्रमाण झाले सुमारे १.१९. एका ठोक्यातील काम झेन २ घडणीत आधीच्या घडणीपेक्षा सुमारे १५ टक्के आणि झेन ३ मध्ये झेन २ पेक्षा १९ टक्के वाढल्याचे एएमडी सांगते. गुणाकार सुमारे १.३७. दोन्ही मिळून १.६ पट. पण १९ टक्क्यांचा आकडा मोठी कॅश असलेल्या प्रोसेसरांचा आहे आणि आपल्या ५६००जी ची कॅश त्यांच्या निम्मी आहे. तेव्हा सावधपणे दीडपट धरू.

गाभे चारांचे सहा झाले, म्हणजे आणखी दीडपट. सगळे गाभे एकदम वापरणाऱ्या कामात वेग १.५ × १.५ म्हणजे सव्वादोन पट व्हावा. शिवाय ५६००जी चा प्रत्येक गाभा दोन कामांचे धागे एकदम हाताळतो, २२००जी चा हाताळत नाही, त्यामुळे काही कामांत याहूनही थोडा अधिक लाभ मिळतो.

हा झाला प्रोसेसरचा वेग. संगणकाचा वेग ही वेगळी गोष्ट आहे. १९६७ साली जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की कामाचा एक भाग कितीही वेगवान केला तरी एकूण लाभावर न बदललेल्या भागाची मर्यादा पडते. मूळ मांडणी अनेक प्रोसेसरांबद्दल होती, पण तो नियम आपल्या प्रश्नालाही तसाच लागू होतो.

समजा, आपला संगणक सुरू होऊन वापरण्याजोगा व्हायला ६० सेकंद लागतात. त्यातील ४५ सेकंद प्रोसेसर हार्ड डिस्कची वाट पाहत बसतो आणि १५ सेकंद तो स्वतः काम करतो. प्रोसेसर दीडपट वेगवान झाला तर १५ चे १० होतील. एकूण वेळ ५५ सेकंद. मुलांना हा फरक जाणवणारही नाही. आता प्रोसेसर जुनाच ठेवून हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि ४५ चे ५ सेकंद झाले असे धरू. एकूण वेळ २० सेकंद. आणि दोन्ही बदलले तर १५ सेकंद. पहिल्या परिस्थितीत प्रोसेसर बदलून फक्त ८ टक्के वेळ वाचला. एसएसडी बसवल्यानंतर तोच बदल २५ टक्के वेळ वाचवतो. बदल तोच, पण अडथळ्याची जागा सरकली म्हणून त्याची किंमत बदलली.

याउलट एक जड काम घेऊ. पाठाचे चित्रीकरण लहान फाइलमध्ये रूपांतरित करायला १२ मिनिटे लागतात आणि ती सगळी प्रोसेसरचीच आहेत असे समजा. त्यातील ९० टक्के काम सर्व गाभ्यांत वाटता येते, १० टक्के एकाच गाभ्याला करावे लागते. १.२ मिनिटांचा एकाकी भाग दीडपट वेगाने ०.८ मिनिटांत होईल. वाटलेला १०.८ मिनिटांचा भाग सव्वादोन पट वेगाने ४.८ मिनिटांत होईल. एकूण ५.६ मिनिटे. इथे प्रोसेसर बदलल्याचे सार्थक झाले.

आणि मग घड्याळ लावून

आपल्या संगणकावर यांपैकी कोणती परिस्थिती आहे, हे पैसे खर्च करण्याआधी कळू शकते. नेहमीचे संथ वाटणारे काम सुरू करून टास्क मॅनेजरमधील `Performance` हे पान उघडावे. डिस्कचा आलेख १०० टक्क्यांना टेकला आहे आणि प्रोसेसरचा २० टक्क्यांवर रेंगाळतो आहे, तर अडथळा डिस्कचा. मेमरी जवळजवळ भरलेली दिसली तर आधी मेमरी वाढवावी. प्रोसेसरचा आलेख माथ्याला टेकून राहिला तरच त्याच्यावर खर्च करण्यात अर्थ आहे.

या आलेखात एक फसवणूक आहे. चार गाभ्यांच्या प्रोसेसरवर एकच गाभा वापरणारा कार्यक्रम पूर्ण जोराने चालला तरी आलेख २५ टक्केच दाखवतो, कारण बाकीचे तीन रिकामे असतात. प्रोसेसर निवांत आहे असे वाटते, प्रत्यक्षात काम त्याच्याच एका गाभ्यामुळे अडलेले असते. आलेखावर उजवी कळ दाबून `Logical processors` निवडले की प्रत्येकाचा आलेख वेगळा दिसतो आणि हा भ्रम दूर होतो.

बदलापूर्वी आणि बदलानंतर तीच तीन कामे, तीच फाइल घेऊन, प्रत्येकी तीनदा घड्याळ लावून मोजावीत आणि मधला आकडा घ्यावा. पहिल्या खेपेस फाइल डिस्कवरून येते आणि नंतर मेमरीतून, त्यामुळे पहिला आकडा बहुधा मोठा येतो. म्हणून प्रत्येक खेपेपूर्वी संगणक नव्याने सुरू करावा. नंतर जड काम अर्धा तास चालवून तापमानही पाहावे. ५६००जी ची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सियस आहे. तापमान तिच्याजवळ जाऊ लागले तर प्रोसेसर स्वतःच ठोके कमी करतो, आणि विकत घेतलेला वेग लेप नीट न लावल्यामुळे हातचा जातो.

माध्यमिक वर्गातील विद्यार्थ्यांना हा प्रयोग देण्याजोगा आहे. आधी त्यांनी आलेखावरून डिस्क आणि प्रोसेसर यांच्या वाट्याचा अंदाज करावा, वरच्या पद्धतीने नवा वेळ कागदावर काढावा, आणि मग मोजलेल्या वेळेशी ताडून पाहावा. फरक आला तर तो कुठून आला, हे शोधण्यातच ॲमडालचा नियम समजतो.

आपल्या नमुना संगणकापुरता निष्कर्ष असा. बोर्डाच्या यादीत ५६००जी असेल आणि शाळेला विंडोज ११ लागणारच असेल, तर प्रोसेसर बदलणे हा रास्त मार्ग आहे. पण एसएसडी सोबत घेतली तरच वर्गात फरक दिसेल, आणि पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर वेगासाठी आधी एसएसडीच घ्यावी. विंडोजची सक्ती नसेल तर २२००जी वर लिनक्सची चालू आवृत्ती आणि एसएसडी एवढ्यावर अजून काही वर्षे निघतील, प्रोसेसरला हात लावण्याचे कारण नाही. यादीत ५६००जी नसेल, तर तो विकत घेऊ नये; दुकानदार ‘सॉकेट तेच आहे’ असे कितीही सांगो.